लालबुंद गोळा पाण्यात शांत का?

आठशे अंशांचा पोलादी गोळा उकळत्या पाण्यात सोडला, तर चर्र आवाज होईल असं वाटतं. प्रत्यक्षात तो बराच वेळ जवळजवळ मुकाट्याने तापलेलाच राहतो. त्याच्याभोवती वाफेचं पातळ अस्तर तयार होतं आणि पाणी धातूला शिवतच नाही. वाफेतून उष्णता पाण्यापेक्षा पंचवीसेक पट मंद वाहते. जर्मन वैद्य लायडेनफ्रॉस्टने 1756 मध्ये तापल्या लोखंडी चमच्यावरच्या थेंबांबाबत हेच नोंदवलं. गोळा पुरेसा निवला की अस्तर फाटतं, मग खरा खळखळाट होतो. गंमत म्हणजे कमी तापलेला गोळा आता जास्त वेगाने थंड होतो. कारखान्यात वाफ एखाद्या जागी चिकटून राहिली, तर तिथलं पोलाद मऊच राहतं. म्हणून तिथे मिठाचं पाणी वापरतात, ते ढवळतात.