‘इट’ म्हणजे नेमकं कोण?

मी होसकोट्याहून बोलतोय, म्हणून आजचं पहिलं वाक्यही इथल्या रस्त्यावरचंच घेतो. ‘द ट्रक हिट द गेट अँड इट वॉज डॅमेज्ड.’ चूक शोधा म्हटलं, तर आपल्यातले बरेच जण ‘चूक नाही’वर खूण करतात. काळ बरोबर, वचन बरोबर. पण मोडलं काय, ट्रक की फाटक?

हा प्रश्न आपल्याला पडत नाही, कारण वाचताना आपण मनात मराठी करतो. ‘ट्रक फाटकाला धडकला आणि तो मोडला’ किंवा ‘ते मोडलं’. मराठीत लिंगच उत्तर देऊन टाकतं. इंग्रजी ‘इट’ला ती सोय नाही. म्हणून परीक्षेत माझी एकच पद्धत: ‘इट’ दिसलं की त्याच्या जागी आधीचं प्रत्येक एकवचनी नाम ठेवून पाहायचं. दोन नामं अर्थाला चालली, तर वाक्य संदिग्ध. मग पर्यायांत ‘इट’ऐवजी ‘द गेट’ असेल तो निवडायचा. ‘इट’च्या जागी नुसतं ‘दॅट’ घातलेला पर्याय फसवा असतो, कारण प्रश्न तसाच राहतो.

मराठीही दर वेळी वाचवत नाही हं. हे पाहा: ‘होसकोटे इज निअर बंगळूर, अँड इट वॉज शहाजीज सीट.’ होसकोटे ते, बंगळूरही ते. व्याकरणाकडे पाहिलं तर कर्ता होसकोटे, म्हणून ‘इट’ तिकडेच ओढलं जातं. इतिहास मात्र सांगतो की शहाजीराजांचं ठाणं बंगळूर. मुद्रितशोधकाला हे ठाऊक असलं, तरी त्यानं परस्पर बदलू नये. समासात लेखकाला विचारावं: ‘इट म्हणजे बंगळूर ना?’

‘धिस’ची गंमत वेगळी. ‘द गोडाउन क्लोज्ड अर्ली अँड द ट्रक केम लेट. धिस कॉज्ड द लॉस.’ नुकसान लवकर बंद केल्यानं की उशिरा आल्यानं? आपलं ‘यामुळे’ही असंच मोघम असतं. ‘धिस’च्या पुढे एक नाम जोडा, ‘धिस डिले’, की दोष कुणाचा ते ठरलं. आणि भरपाईच्या पत्रात तेवढ्यावरच पैसे कुणी द्यायचे ते ठरतं.

‘दे’ तर माणसांत भांडणं लावतं. ‘द ड्रायव्हर्स टोल्ड द गार्ड्स दॅट दे वर लेट.’ उशीर कुणाला? इथे नाम पुन्हा लिहिलं तर वाक्य बोजड होतं. त्यापेक्षा बोलणं जसंच्या तसं अवतरणात द्या: ‘वी आर लेट’ किंवा ‘यू आर लेट’.

आता उलटी चूक. हे शिकल्यावर काही जण प्रत्येक ‘इट’ला पकडतात. ‘इट इज रेनिंग’मधलं ‘इट’ कुणाच्याच जागी आलेलं नाही, ते फक्त कर्त्याची रिकामी खुर्ची भरतं. तिथे नाम शोधत बसू नका. ‘चूक नाही’ हाच पर्याय.