हळद, आसनं आणि औषधाच्या खोक्यातला कागद

बौद्धिक संपदेच्या वर्गात मी पहिला प्रश्न हळदीवर विचारतो. समजा, अमेरिकेतल्या दोन संशोधकांना भारतात जखमेवर हळद लावतात हे ठाऊकच नव्हतं. कुणाचं काही न पाहता, न ऐकता त्यांनी ते आपल्या प्रयोगशाळेत शोधून काढलं. तर त्यांना पेटंट मिळायला हवं का?

निम्मा वर्ग म्हणतो, चोरी केलेली नाही, मग हक्क द्यायला काय हरकत आहे? हे उत्तर कॉपीराइटच्या बाबतीत बरोबर ठरलं असतं. एकमेकांचं अक्षरही न वाचता दोघांनी सारखीच कविता लिहिली, तर दोघांचाही आपापल्या कवितेवर हक्क राहतो. कॉपीराइट फक्त नक्कल अडवतो. पेटंटचं तसं नसतं. तिथे तुम्ही कितीही प्रामाणिक असा, ती गोष्ट आधीच कुणाला माहीत असेल तर पेटंट मिळत नाही. उलट एकदा पेटंट मिळालं, की तोच शोध स्वतंत्रपणे लावणाऱ्या दुसऱ्या माणसालाही तो वापरता येत नाही. एवढा कडक हक्क द्यायचा, म्हणून तो अर्ज तपासूनच दिला जातो आणि साधारण वीस वर्षांत संपतो. कॉपीराइटला अर्ज लागत नाही. लिहिलं की तो मिळतो आणि भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं टिकतो.

आता प्रत्यक्षात काय घडलं ते पाहू. मार्च 1995 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीवर अमेरिकी पेटंट मिळालं. ते हळदीच्या रोपावर नव्हतं. जखम भरून येण्यासाठी हळदपूड वापरण्याच्या पद्धतीवर होतं. आपल्याकडे घरोघरी जे चालतं, ते तिथल्या अधिकाऱ्याला नवं कसं वाटलं? त्याचं उत्तर त्या काळच्या अमेरिकी कायद्यात आहे. अमेरिकेत कुणी एखादी गोष्ट नुसती वापरत असलं, तरी तिचं नवेपण संपायचं. अमेरिकेबाहेर मात्र ती छापलेली असायला हवी होती. म्हणजे आजीनं आयुष्यभर हळद लावली, तरी त्या कायद्यापुढे तो पुरावाच नव्हता.

1996 मध्ये भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनं या पेटंटला आव्हान दिलं. परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे. लढाई कागदावरच होणार हे उघड होतं. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतले उतारे आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला 1953 चा लेख असे बत्तीस संदर्भ परिषदेनं सादर केले. समोरच्यांनी पूड आणि लेप यांचे गुणधर्म वेगळे असल्याचा युक्तिवाद करून पाहिला. तो टिकला नाही आणि पेटंटमधले दावे रद्द झाले.

इथे विद्यार्थी हमखास चुकतात. ‘हळदीचा हक्क भारताला मिळाला’ असं लिहून मोकळे होतात. हक्क कुणालाच मिळाला नाही. हळद पूर्वी सगळ्यांची होती, ती सगळ्यांची राहिली. ज्या ग्रंथांनी हे घडवलं, त्यांच्यावर आज कुणाचा कॉपीराइट उरलेला नाही. ते मालकीचा दाखला म्हणून उपयोगी पडले नाहीत, ‘हे आधीच माहीत होतं’ याचे साक्षीदार म्हणून पडले.

युरोपात मात्र कागदाशिवायही साक्ष चालायची. कडुलिंबाच्या तेलातून बुरशीनाशक बनवण्याच्या युरोपीय पेटंटविरुद्धच्या खटल्यात 1985 आणि 1986 च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर झालेल्या चाचण्यांची साक्ष पुढे आली. 2000 मध्ये ते पेटंट रद्द झालं आणि 2005 मध्ये अपिलातही रद्दच राहिलं. अमेरिकेनं आपल्या कायद्यातली ही फट मार्च 2013 मध्ये बुजवली. आता जगात कुठेही उघडपणे वापरात असलेली गोष्ट तिथे जुनी धरली जाते.

दुसरा प्रश्न योगासनांचा. बिक्रम चौधरी यांनी सव्वीस आसनं आणि दोन श्वसनप्रकार ठराविक क्रमानं बसवले आणि तापवलेल्या खोलीत ते शिकवायला सुरुवात केली. 1979 मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. पुढे त्यांच्याकडेच शिकलेल्या दोघांनी अमेरिकेत स्वतःचे वर्ग काढले, तेव्हा चौधरींनी दावा लावला. आसनं जुनी आहेत हे त्यांना मान्य होतं, पण निवड आणि क्रम माझा, म्हणून कॉपीराइट माझा, असं त्यांचं म्हणणं होतं.

ऑक्टोबर 2015 मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टानं ते नाकारलं. मला या निकालात सगळ्यात शिकण्याजोगं वाटतं ते असं, की चौधरींचा दावा त्यांच्याच जाहिरातीनं पाडला. हा क्रम केल्यानं शरीराला अमुक फायदे होतात, असं ते सांगत आले होते. कोर्टाचं म्हणणं, मग ही उपचाराची पद्धत झाली, आणि पद्धतीला संरक्षण मिळायचंच असेल तर ते पेटंटच्या दारात मागायला हवं. त्यांच्या पुस्तकातला मजकूर आणि छायाचित्रं त्यांचीच राहिली, पण त्यात सांगितलेला व्यायाम कुणीही करावा आणि शिकवावा. स्वयंपाकाच्या पुस्तकाचंही असंच असतं. ‘रुचिरा’ वाचून खानावळ चालवता येते, ‘रुचिरा’ची पानं छापून विकता येत नाहीत.

आता औषधं. जेनेरिक म्हटलं की वर्गात ग्लिव्हेकचं नाव निघतंच. कर्करोगावरच्या या औषधाच्या स्फटिकरूपावर नोव्हार्टिसनं मागितलेलं पेटंट सर्वोच्च न्यायालयानं 1 एप्रिल 2013 रोजी नाकारलं. ओळखीच्या औषधाचं नवं रूप रोग बरा करण्यात सरस ठरत असेल, तरच पेटंट, हा त्या निकालाचा गाभा. तो सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणून परीक्षेत मी दुसरा खटला देतो. त्यात पेटंटचा वादच नाही.

निकोरेट हे सिगारेट सोडवणारं च्युइंगम. अमेरिकेत चिठ्ठीशिवाय ते एकट्यानं विकण्याची स्मिथक्लाइनची मुदत फेब्रुवारी 1999 मध्ये संपली. वॉटसन ही जेनेरिक कंपनी बाजारात आली. स्मिथक्लाइननं तिला अडवलं ते खोक्यातली मार्गदर्शक पुस्तिका आणि ध्वनिफीत यांच्या कॉपीराइटवर. आमचे शब्द तुम्ही उचलले, असा आरोप होता आणि तो खराही होता. पण 1984 च्या अमेरिकी कायद्यानुसार जेनेरिक औषधाबरोबरचा मजकूर मूळ औषधासारखाच असावा लागतो. रुग्णाला दोन खोक्यांत दोन वेगळ्या सूचना मिळू नयेत, हा त्यामागचा हेतू. म्हणजे मजकूर तसाच ठेवला तर कॉपीराइटचा भंग, बदलला तर विक्रीचा परवाना नाही.

इथे मी विद्यार्थ्यांना थांबवून विचारतो, स्मिथक्लाइनचं म्हणणं मान्य झालं असतं तर काय झालं असतं? कंपनीनं लिहून घेतलेल्या मजकुराचा कॉपीराइट अमेरिकेत प्रकाशनापासून पंचाण्णव वर्षं चालतो. औषधावरचा हक्क काही वर्षांत संपतो, आणि खोक्यातल्या एका पुस्तिकेच्या जोरावर स्पर्धक जवळजवळ शतकभर बाहेर राहतो.

खालच्या कोर्टानं आधी वॉटसनला मनाई केली होती. औषध प्रशासनानं मजकूर तोच हवा असं कळवल्यावर ती उठवली. 2000 मध्ये अपील कोर्टानंही तेच कायम केलं. स्मिथक्लाइन पुस्तिका विकून पैसे कमावत नव्हती, च्युइंगम विकून कमावत होती, त्यामुळे पुस्तिकेची नक्कल झाल्यानं लेखनाच्या बाजारात तिचं काही गेलं नाही, असं कोर्टानं म्हटलं. वॉटसनला तोच मजकूर खोक्यात घालून आपलं च्युइंगम विकायची मोकळीक मिळाली.