चाळीस पैशांची मोड

मामांच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसलं की हाताला एक सवय लागते. गिऱ्हाइकाला अठरा रुपये परत द्यायचे असले, तर आधी दहाचं नाणं निघतं, मग पाचाचं, मग दोनाचं आणि शेवटी एकाचं. बसेल तेवढं मोठं नाणं आधी काढायचं, उरलेल्या रकमेला पुन्हा तेच. संगणकशास्त्रात याला ‘ग्रीडी’ रीत म्हणतात. आपण हावरी म्हणू, कारण समोर दिसेल ते मोठ्यात मोठं ती उचलते आणि एकदा उचललेलं परत ठेवत नाही.

या रीतीने नेहमी कमीत कमीच नाणी जातात का? मामांना विचारलं, तर ते म्हणाले, “जातात म्हणजे काय! तीस वर्षं देतोय की.”

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जुन्या पैशांचा डबा निघाला. १, २, ३, ५, १०, २०, २५, ५०, सगळे पैसे मी काउंटरवर ओळीने मांडले. माझा संशय होता त्या षटकोनी तीन पैशांवर. बाकी सगळ्यांचा हिशोब सरळ, हेच एक आडमुठं. म्हणून लहान रकमा करून पाहिल्या. सहा पैसे: पाच आणि एक. नऊ पैसे: पाच, तीन, एक. हाताच्या सवयीने जेवढी नाणी लागली, त्याहून कमीत एकही रक्कम बसेना.

मग म्हटलं, “मामा, चाळीस पैसे द्या.” त्यांनी चाराणे ठेवले, शेजारी दहा, शेजारी पाच. तीन नाणी. मी विसाची दोन ठेवली. मामा थोडा वेळ नाण्यांकडेच बघत राहिले.

१९५७ मध्ये दशमान नाणी आली, तेव्हा या मालिकेत वीस पैसे नव्हते. पंचवीस होते, कारण लोकांच्या हिशोबातले चार आणे म्हणजे तेवढेच. तीन पैसे १९६४ मध्ये आले, वीस पैसे १९६८ मध्ये. विसाचं नाणं काढून ठेवलं, तर चाळिसाला तीनच नाणी लागतात आणि हावरी रीत बरोबर ठरते. म्हणजे वीस आणि पंचवीस शेजारी आले, तिथे बिघडलं.

हे ओळखायला सगळ्या रकमा तपासाव्या लागत नाहीत. मॅगझिन, नेमहाउजर आणि ट्रॉटर या तिघांनी १९७५ मध्ये सिद्ध केलेली एक कसोटी आहे. लहान नाण्यांपासून वर चढत जायचं. खालच्या नाण्यांवर रीत बरोबर चालते आहे असं धरून वर एक नवं नाणं ठेवायचं. आता त्याच्या लगेच खालचं नाणं किती वेळा घेतलं की नव्याइतकी किंवा त्याहून जास्त रक्कम होते, ते पाहायचं. बस, त्या एका रकमेची मोड हावऱ्या रीतीने करायची. तेवढ्याच किंवा कमी नाण्यांत झाली, तर नवं नाणं निर्धोक. जास्त लागली, तर रीत मोडली.

तीनावर पाच ठेवा. तीनाची दोन नाणी म्हणजे सहा. पाच आणि एक, तीही दोनच. चाललं. विसावर पंचवीस ठेवा. विसाची दोन म्हणजे चाळीस. त्यातून पंचवीस गेले की पंधरा उरतात आणि ते एका नाण्यात द्यायला हवेत. पंधरा पैशांचं नाणंच नाही. दोष तिथे आहे. वीस पंचविसाला भागत नाही, एवढंच कारण पुरत नाही. तीनाचं नाणं नसलेल्या १, २, ५ च्या मालिकेत दोनही पाचाला भागत नाही, पण दोनाची तीन नाणी म्हणजे सहा आणि त्यावर पाच-एक दोनातच भागतात.

वर पन्नास ठेवूनही चाळिसाचं दुखणं जात नाही, कारण चाळिसात पन्नास बसतच नाहीत. रुपयाच्या आत ४० ते ४४ आणि ९० ते ९४, अशा दहा रकमांना मामांचा हात एक नाणं जास्त देतो. आजच्या १, २, ५, १०, २० रुपयांना हीच कसोटी लावली, तर प्रत्येक पायरीवर ती उतरते. मामांची तीस वर्षं खोटी नव्हती. रुपयांच्या नाण्यांत वीस आणि पंचवीस कधी शेजारी आलेच नव्हते.

फक्त ही सगळी हमी गल्ला भरलेला असेपर्यंतची. संध्याकाळी एकाची नाणी संपली आणि एका गिऱ्हाइकाला सहा रुपये परत द्यायचे होते. मामांनी सवयीने पाचाचं नाणं काढलं आणि उरलेल्या रुपयासाठी चॉकलेटच्या बरणीकडे हात नेला. मग थांबले. पाचाचं नाणं गल्ल्यात परत टाकलं आणि दोनाची तीन मोजून दिली.