दुसऱ्यांदा येणारी म्हण

चार्ल्स डिकन्सची ‘हार्ड टाइम्स’ ही कादंबरी 1854 च्या एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या साप्ताहिकातून क्रमशः येत होती. मुंबईत कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची जुळवाजुळव केली तीही 1854 सालीच. सोलापूरची पहिली गिरणी, म्हणजे आपली ‘जुनी मिल’, सुरू व्हायला 1877 उजाडावं लागलं. तरी डिकन्सचं कोकटाउन हे गिरणगाव वाचताना सोलापूरकराला परगावी आल्यासारखं वाटत नाही. चिमण्या, पाळ्या, मालकाच्या दारात टोपी हातात घेऊन उभा राहणारा विणकर, सगळं ओळखीचं. आमचा छोटा वाचनगट या कादंबरीचं मराठी भाषांतर करतो आहे. या ओळखीचा त्याला फायदा होईल असं आम्हाला वाटत होतं. काही ठिकाणी झालाही. पण पहिल्या भागातल्या अकराव्या प्रकरणाशी गेले दोन पावसाळे जी झटापट चालली, तिच्याकडे आज मागे वळून पाहिलं तर ही ओळखच वारंवार आडवी आलेली दिसते.

प्रकरण लहान आहे. स्टीफन ब्लॅकपूल हा चाळिशीचा यंत्रमाग कामगार जेवणाच्या सुट्टीत मालक बाउंडरबीकडे जातो. बायको दारूच्या आहारी गेलेली, लग्नाला एकोणीस वर्षं होत आलेली. यातून सुटायची वाट कोणती, एवढंच त्याला विचारायचं आहे. बाउंडरबी सांगतो की वाट आहे, पण तिला हजार-दीड हजार पौंड, कदाचित त्याच्या दुप्पट लागतील. हे काही डिकन्सनं तिखटमीठ लावून लिहिलेलं नाही. तेव्हा इंग्लंडात पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा तर पार्लमेंटात खासगी कायदाच मंजूर करून घ्यावा लागे. कोर्टातून घटस्फोट मिळण्याची सोय झाली ती 1857 च्या कायद्यानं. प्रकरणात याखेरीज काही घडत नाही. जे आहे ते बोलण्यात आहे, आणि बोलणं म्हणी-वाक्प्रचारांनी भरलेलं आहे.

पहिल्या खर्ड्याच्या वेळी आमची पद्धत सर्वांचीच असते तशी होती. वाक्प्रचार दिसला की त्याच्या तोडीचा मराठी वाक्प्रचार शोधायचा आणि बसवायचा. एकेक वाक्य सुटं वाचलं तर खर्डा झकास होता. पण सलग वाचायला बसलो की गाडी दर पानावर अडायची. कारण ध्यानात यायला वेळ लागला. डिकन्स म्हण एकदा वापरून सोडून देत नाही. तो ती पुन्हा उचलतो, फोडतो, उलटी करतो, कधी तिचा नुसता तुकडा समोर टाकतो. पहिल्या वेळी चपखल बसलेली मराठी म्हण दुसऱ्या वेळी हात वर करते.

सगळ्यात मोठा धडा लग्नाच्या शपथेनं दिला. चर्चमधल्या विवाहविधीत नवरा-बायको एकमेकांना चांगल्या आणि वाईट, दोन्ही दिवसांसाठी पत्करतात. बाउंडरबी स्टीफनला त्या शपथेची आठवण करून देतो. इथे आमच्यातल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच म्हण आली: पदरी पडलं, पवित्र झालं. मोह पडावा अशीच ती होती. लग्न, नशीब, सहन करणं, सगळं तिच्यात आहे. वर बाउंडरबी त्याच दमात या नात्याच्या पावित्र्यावर प्रवचन झोडतो, तेव्हा ‘पवित्र’ हा शब्दही आयता जुळत होता. खर्ड्यात ती कित्येक महिने सुखानं नांदली.

अडचण प्रकरणाच्या शेवटाकडे आली. स्टीफन खचून निघालेला असताना बाउंडरबी त्याच शपथेतले दोन शब्द सुटे करून खेळवतो. बायको वाईट निघाली असेल तर ती चांगलीही निघू शकली असती, यापलीकडे कोण काय बोलणार, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणतो. हा त्याचा विनोद आहे, आणि त्याच्या निर्दयपणाची सगळी धार या विनोदात आहे. ‘पदरी पडलं’मध्ये असे उलटसुलट करता येणारे दोन शब्दच नाहीत. तिला फोडायला गेलं तर हातात नुसता पदर राहतो. दुसरीही एक खोच होती. ही म्हण माणूस बहुधा नशिबाच्या संदर्भात काढतो: आपण निवडलं नव्हतं, आलं ते घेतलं. बाउंडरबीचा मुद्दा नेमका उलटा आहे. तू स्वतःच्या तोंडानं शब्द दिला होतास, असं त्याला म्हणायचं आहे.

शेवटी ‘बऱ्यावाईटासकट’ हा शब्द ठरला. म्हण म्हणून तो काहीच नाही, साधा जोडशब्द. पण ‘बरं’ आणि ‘वाईट’ हे दोन्ही तुकडे पुढे मोकळे वापरता येतात, आणि बाउंडरबीचा तो ओंगळ विनोद मराठीत जसाच्या तसा उभा राहतो. वर एक जास्तीची छटा मिळाली. एखाद्याचं ‘बरंवाईट झालं’ म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. पुढे तेराव्या प्रकरणात ही बायको झोपेच्या गुंगीत विषाच्या बाटलीला हात घालते आणि स्टीफनची मैत्रीण रेचल ऐनवेळी पेला हिसकावते. त्याची सावली आमच्या शब्दात आधीच पडते. मूळ इंग्रजीत ती नाही. असलं फुकटचं दान घ्यावं की नाकारावं यावर आमच्यात बराच वाद झाला. मी घेण्याच्या बाजूचा होतो: सावली पुसट आहे, आणि ती कथेच्या दिशेनंच पडते. दिशा उलटी असती तर शब्द बदलला असता.

शपथेवरच्या त्या विनोदातच बाउंडरबी आणखी एक शब्दखेळ करतो. इंग्रजीत बेभरवशी वागण्याला ‘फास्ट अँड लूज’ म्हणतात, म्हणजे घट्ट आणि सैल. बायको त्यासाठी केली नव्हतीस, असं तो स्टीफनला सुनावतो. इथे मराठीनं उदार हातानं ‘धरसोड’ पुढे केली. धरणं आणि सोडणं शब्दातच आहे, अर्थही तोच, आणि सोडवणूक मागायला आलेल्या माणसापुढे ‘सोड’ उच्चारण्यातली टोचणीही शाबूत. असं भाग्य एका प्रकरणात एकदाच मिळतं.

सुपाचा प्रश्न वेगळा होता. बाउंडरबीच्या मते गाऱ्हाणं घेऊन येणाऱ्या प्रत्येक कामगाराला सहा घोड्यांची गाडी हवी असते, आणि कासवाचं सूप नि हरणाचं मांस सोन्याच्या चमच्यानं भरवून हवं असतं. ही रूढ म्हण नव्हे, बाउंडरबीच्या घरच्या टाकसाळीतलं नाणं आहे. त्यातला सोन्याचा चमचा मात्र इंग्रजीतल्या चांदीच्या चमच्यावर कुरघोडी करणारा. व्हिक्टोरियन इंग्लंडात कासवाचं सूप हे बड्यांच्या मेजवानीचं लक्षण. मराठी वाचक ते ऐकून तोंड वाकडं करणार. म्हणून पहिल्या खर्ड्यात पंचपक्वान्नं आली. ती आली आणि बाउंडरबी एकदम सौम्य झाला. पंचपक्वान्नं सणासुदीला गरिबाच्या पानातही येतात. कामगारानं मागू नये अशी ती चीज नाही, आणि तिची थट्टाही होत नाही.

कासव परत आणण्याचं धैर्य मूळ मजकुरानंच दिलं. कामगार जरा नाराज दिसला की बाउंडरबी त्याच्यावर हाच आरोप करतो, असा खुलासा निवेदक तिथल्या तिथे करतो. म्हणजे तळटीप डिकन्सनं स्वतः लिहून ठेवली आहे. आपण वाचकाची काळजी वाहायचं कारण नाही. उरला प्रश्न लयीचा. हे वाक्य बाउंडरबी पुढे पुन्हा पुन्हा काढणार, हार्टहाउस नावाच्या पाहुण्याला गाव समजावून देतानाही काढणार, तेव्हा ते एका दमात तोंडात बसायला हवं. ‘कासवाचं सूप, हरणाचं मटण, तेही सोन्याच्या चमच्यानं’ इथवर येऊन आम्ही थांबलो. ‘मांसा’ऐवजी ‘मटण’ आलं तसा बोलण्याला उर्मटपणा आला, आणि ‘तेही’नं मालकाचा संताप पकडला. मग तुकड्याची परीक्षा घेतली. याच संभाषणात स्टीफनच्या बोलण्यात सुपाच्या खुणा दिसतात असं बाउंडरबी म्हणतो. आम्ही खुणेचा वास केला. संशय आला की मराठीत वासच येतो, आणि सुपाला तो असतोच.

निवेदकाचा आवाज मात्र बाउंडरबीच्या आवाजात मिसळता कामा नये. आधीच्या, म्हणजे दहाव्या प्रकरणात प्रत्येक आयुष्यात गुलाब असतात तसे काटेही असतात ही गुळगुळीत उक्ती घेऊन डिकन्स म्हणतो की स्टीफनच्या बाबतीत काही गफलत झाली असावी. गुलाब भलत्याकडे गेले आणि त्या भलत्याचे काटेही याच्याकडे आले. ‘ऊन-सावली’ सुचली होती, पण ऊन कोणी चुकून दुसऱ्याच्या घरी पोचवत नाही. इथे पोचवता येणारी वस्तूच हवी, म्हणून गुलाब राहिले. तरी वाक्य रडवेलं होत होतं. साखर पेठेत राहणारे आमच्या गटातले एक निवृत्त जॉबर, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ते ऐकून हसले आणि म्हणाले, “सर, हे पगाराच्या दिवसाचं बोलणं आहे. दुसऱ्याचे खाडे आपल्या नावावर पडतात, आणि कारकून म्हणतो नजरचूक झाली.” ‘नजरचुकीनं’ हा एक शब्द घातला आणि वाक्याचे डोळे कोरडे झाले. करुणा कचेरीच्या भाषेत सांगायची ही डिकन्सची खोड आहे. तिथे हळवं मराठी घातलं की लेखक हरवतो.

अण्णांनीच आणखी एक शब्द वाचवला, खरं तर मारला. स्टीफनचं पालुपद आहे ‘मडल’: जगात सगळा गोंधळ आहे, यापलीकडे त्याला काही मांडता येत नाही. विणकर म्हटल्यावर ‘गुंता’ हा शब्द आम्हाला इतका आवडला होता की त्यावर चर्चाच झाली नव्हती. अण्णांनी मान हलवली. “गुंता सुटतो. सुटला नाही तर कापून गाठ मारायची, माग पुन्हा चालू. या माणसाचं तसं कुठं आहे?” विणकराच्या लेखी गुंता म्हणजे रोजचं काम, हताश होण्याची गोष्ट नव्हे. शिवाय मूळ शब्दात धाग्याचा मागमूस नाही. ती कलाकुसर आमची होती. ‘घोळ’ ठेवला. तो कोणी घातला हे न सांगताही ‘सगळा घोळ झालाय’ म्हणता येतं, आणि स्टीफन कुणाचं नाव घेत नाही हेच त्याचं वैशिष्ट्य आहे.

त्याच्या बोलीचं काय करायचं, हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. मूळ बोली लँकशरची. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, पु. ल. देशपांड्यांनी ‘पिग्मॅलियन’ची ‘ती फुलराणी’ केली. ती रूपांतरं, तिथे माणसंच इथली झाली. आमचा स्टीफन स्टीफनच राहणार होता, मग त्याच्या तोंडी सोलापुरी ‘काय बे’ कसं शोभणार? मालकापुढे तर सोलापूरकरही ते म्हणत नाही. ‘हाय’, ‘न्हाई’, ‘समदं’ एवढ्यावर आम्ही थांबलो, आणि बाउंडरबीला ‘शेठ’ न म्हणता ‘मालक’. हा तोडगा आहे, उत्तर नव्हे. गटातल्या एका बाईंना तो अजूनही फिका वाटतो आणि त्यांचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही.

आता वहीत प्रत्येक वाक्प्रचारापुढे तीन रकाने असतात: कोण बोललं, रूढ आहे की त्यानंच बनवलेला, आणि पुढे कुठे परत येतो. तिसरा रकाना भरल्याशिवाय मराठी शब्द लिहायचा नाही. त्यासाठी सगळी कादंबरी आधी पिंजून काढावी लागते, काम रेंगाळतं. पण ‘घोळ’ शेवटच्या भागात, जुन्या खाणीत पडलेल्या स्टीफनला वर काढतात तिथेही टिकतो का, हे आधीच तपासून झालं आहे. टिकतो. सध्या दुसऱ्या भागातलं कामगार सभेचं प्रकरण हातात आहे. स्लॅकब्रिज या कामगार पुढाऱ्याच्या भाषणातला एकही वाक्प्रचार त्याचा स्वतःचा नाही, सगळे उसने आणि फुगवलेले. अण्णांनी गेट मीटिंगमधली पूर्वीची भाषणं आठवतील तशी सांगायचं कबूल केलं आहे.