छाती दाबणारे हात का थांबू नयेत

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्क-फिनलंड सामन्याचा पूर्वार्ध संपत आला असताना ख्रिस्तियन एरिक्सन अचानक कोसळला. संघाचे डॉक्टर धावत पोहोचले तेव्हा श्वास चालू होता, नाडीही लागत होती. पाहता पाहता दोन्ही थांबलं. मैदानावरच छाती दाबणं सुरू झालं, डिफिब्रिलेटरचा एकच झटका दिला आणि तो शुद्धीवर आला.

हा झटका दोनच प्रकारच्या लयींवर चालतो. एकीत हृदयाचा स्नायू नुसता थरथरतो, दुसरीत ठोके इतके वेगाने पडतात की आत रक्त भरायला उसंतच मिळत नाही. झटका हृदय ‘चालू’ करत नाही. तो सगळ्या पेशींना एकदम गप्प करतो, म्हणजे हृदयातल्या नैसर्गिक पेसमेकरला ताबा घेता येतो. म्हणूनच सिनेमात दाखवतात तसा सपाट रेषेवर झटका देऊन काहीच साधत नाही.

पण थरथरणारं हृदय आपली शिल्लक ऊर्जा जाळत असतं. झटक्याला दाद द्यायची तर त्याला रक्त हवं, आणि ते मुख्यतः आपले हात वर येतात त्या क्षणी मिळतं. त्यामुळे छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची, तशीच ती पुरती वर येऊ द्यायची. तिच्यावर रेलून राहायचं नाही. वेग मिनिटाला १०० ते १२०. हापशाचे पहिले काही दांडे वाया जातात, तसा इथेही दाब हळूहळू चढतो, आणि हात थांबले की काही सेकंदांत उतरतो. ‘नाडी आली का बघू’ म्हणून वारंवार थांबणं म्हणूनच घातक. अधूनमधून येणाऱ्या आचक्यांना श्वास समजून थांबणं, हीदेखील नेहमीची चूक. दाबणारा दमतो, पण त्याचं त्यालाच कळत नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा.

खरी कसोटी लागते ती मॉनिटरवर झटक्याच्या त्या दोन लयींहून वेगळी लय दिसते पण नाडी नसते तेव्हा. इथे झटका नाही. छाती दाबणं आणि अ‍ॅड्रेनलिन चालू ठेवून कारण शोधायचं: मोठा रक्तस्राव, प्राणवायूची कमतरता, छातीत कोंडलेली हवा, हृदयाभोवती साचलेलं पाणी, फुप्फुसात अडकलेली गुठळी.

समजा, अशाच अवस्थेत हातावर फिस्टुला असलेला रुग्ण आणला आहे. घरचे सांगतात, डायलिसिसच्या दोन पाळ्या चुकल्या. कोसळण्याआधीच्या ईसीजीत लाटा रुंद, बेढब झालेल्या. संशय वाढलेल्या पोटॅशियमवर, तेही असंच एक कारण. प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता शिरेतून कॅल्शियम द्यायचं. त्याने पोटॅशियम कमी होत नाही, पण हृदयाच्या पेशी त्याच्या माऱ्यापासून काही काळ सावरतात. पाठोपाठ दिलेलं इन्सुलिन आणि ग्लुकोज पोटॅशियमला पेशींच्या आत ढकलतं. शरीराबाहेर मात्र ते डायलिसिसनेच काढावं लागतं, आणि गरज पडली तर छाती दाबणं चालू असतानाच ते यंत्र जोडलं जातं.