वास्तुशांतीचं आमंत्रण, ऑफिसच्या मंडळींना

वास्तुशांतीचा होम सकाळी मुहूर्तावर सुरू होतो आणि बऱ्याचदा दुपारपर्यंत चालतो. दोन-तीन खोल्यांच्या घरात तेव्हा गुरुजी आणि जवळचे नातेवाईक एवढ्यांनाच जागा पुरते. ‘रविवारी वास्तुशांत आहे, सगळ्यांनी या’ एवढाच निरोप ऑफिसच्या ग्रुपवर गेला, तर कोणी दहाला येऊन जेवणाची वाट पाहत बसतं, तर कोणी चारला येतं, तेव्हा यजमान दमलेले असतात.

म्हणून सहकाऱ्यांना संध्याकाळी वेगळं बोलवावं. निरोप असा असू शकतो:

‘रविवारी संध्याकाळी ६ ते ९ मध्ये आमच्या नव्या घरी नक्की या. आल्यावर सत्यनारायणाचा तीर्थप्रसाद, साडेसातपासून जेवण: पुरी-भाजी, मसालेभात, मठ्ठा, जिलेबी. सगळं कांदा-लसणाशिवाय, मसालेभातात काजू आहेत. कृपया आहेर आणू नये. येणार असाल तर गुरुवारपर्यंत मला कळवा. जमत नसेल तर कळवलं नाही तरी चालेल, घर पाहायला नंतर कधीही या.’

यात काजूचा उल्लेख ॲलर्जी असलेल्यांसाठी आहे, आणि गुरुवार केटररला ताटांचा आकडा द्यायचा म्हणून. होकार तेवढेच मोजायचे असल्याने नकाराचं कारण शोधावं लागत नाही.

हा निरोप प्रत्येकाला स्वतंत्र पाठवावा. ग्रुपवर इतरांचे होकार पाहून नको असतानाही ‘येतो’ म्हटलं जातं. बोलावणारा वरिष्ठ असेल तर जास्तच. आणि सोमवारी ‘का आला नाहीत?’ हे यजमानाने विचारू नये.