पंधरा अक्षरांत मावणारं नाव

समजा, पदवी हाती पडलेल्या एका मुलीचं नाव ज्ञानेश्वरी रमेश कुलकर्णी आहे. बायोडेटावर लिहिण्यासाठी तिला एक नीटसा ईमेल पत्ता हवाय आणि तेच नाव लिंक्डइन, एक्स, इन्स्टाग्राम, गिटहब असं सगळीकडे मिळावं असं तिला वाटतं. बहुतेक जण अशा वेळी आधी जीमेलवर मिळेल ते नाव घेतात आणि बाकीच्या ठिकाणी ते बसेना की शेपट्या लावत सुटतात. कुठे टिंब, कुठे खालची रेघ, कुठे जन्मसाल. वर्षभरात एकाच माणसाची पाच नावं होतात.

खरं तर सुरुवात उलट्या बाजूने करायला हवी. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असल्यामुळे सगळ्यांना चालेल असं काय उरतं, ते आधी पाहावं. जीमेलला किमान 6 अक्षरं लागतात, 30 पर्यंत चालतात. टिंब चालतं, पण खालची रेघ चालत नाही. एक्सवर नेमकं उलटं आहे: खालची रेघ चालते, टिंब नाही, आणि मर्यादा फक्त 15 अक्षरांची. गिटहबला ही दोन्ही चिन्हं नकोत, त्याला आडवी छोटी रेघ चालते, जी एक्सला चालत नाही. म्हणजे सगळ्यांना मान्य होईल असं नाव एकाच प्रकारचं उरतं: 6 ते 15 अक्षरांचं, लहान लिपीतलं, बिनचिन्हांचं.

आता ज्ञानेश्वरीचं नाव या साच्यात बसवून पाहू. dnyaneshwarikulkarni ही 20 अक्षरं झाली, म्हणजे एक्सवर बाद. dkulkarni कधीच कुणीतरी घेतलेलं असणार. वडिलांचं आद्याक्षर घातलं तर drkulkarni होतं आणि लोक बाईंना डॉक्टर समजून पाठदुखीवर औषध विचारतील. नाव कापून dnyaneshkulkarni केलं तर तो मुलगा होतो, शिवाय अक्षरं 16, एक जास्तच. घरी तिला ‘ज्ञाना’ म्हणतात. dnyanakulkarni ही 14 अक्षरं, वाचताना अडखळायला होत नाही आणि प्रमाणपत्रावरच्या नावाशी नातंही राहतं. तेही गेलेलं असेल तर आडनाव पुढे आणून kulkarnidnyana करता येतं.

यात वडिलांचं आद्याक्षर टाळलं ते बरंच झालं. आपल्याकडे लग्नानंतर अनेक मुलींच्या नावातलं मधलं नाव आणि आडनाव, दोन्ही बदलतं. आडनाव बदलायचं की नाही हे तिचं तिने ठरवावं, पण निदान एक सांधा तरी कमी झाला.

आकडे मी शक्यतो लावू देणार नाही. जन्मसाल लिहिलं की वय उघड होतं, हे एक. दुसरं जास्त त्रासदायक आहे: dnyanakulkarni98 मधला आकडा कुणी विसरलं, तर मुलाखतीचं पत्र बिनआकड्याच्या नावाच्या मालकाकडे जातं. पत्ता अस्तित्वात असल्यामुळे ते परतही येत नाही आणि पाठवणाऱ्याला काही कळत नाही.

टिंबाची एक गंमत मात्र उपयोगाची आहे. वैयक्तिक जीमेल टिंबाकडे लक्षच देत नाही. त्यामुळे खातं dnyanakulkarni या नावाने काढून बायोडेटावर dnyana.kulkarni@gmail.com असं वाचायला सोपं छापलं, तरी पत्र त्याच पेटीत येतं. कंपनीच्या किंवा कॉलेजच्या पत्त्यावर हा भरवसा धरू नये.

नाव मोकळं आहे का हे पाहण्यासाठी लोक ब्राउझरमध्ये instagram.com/dnyanakulkarni असं टाइप करतात. पान सापडलं नाही म्हणजे नाव मोकळं, असं होत नाही. खातं बंद केलेलं किंवा निलंबित असलं तरी नाव अडकलेलंच असू शकतं. खरं उत्तर नोंदणीचा फॉर्मच देतो. सुरुवात जीमेलपासून करावी, कारण तिथे कुणी खातं काढून टाकलं तरी ते नाव दुसऱ्याला मिळत नाही. मग एक्स, मग उरलेली. सगळं एकाच बैठकीत उरकावं. लिंक्डइन स्वतःहून नावापुढे आकडे-अक्षरांचं शेपूट जोडतं. सार्वजनिक प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन ते काढता येतं. नोकरीच्या बऱ्याचशा साइटवर वेगळं नाव नसतंच, भरती करणाऱ्याच्या नजरेला तिथे पडतो तो ईमेल पत्ता.

घेतलेलं नाव राखावंही लागतं. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं, आणि बंद पडलेल्या खात्यांबाबत इतरांचेही असेच नियम आहेत. अधूनमधून लॉगिन केलं की पुरतं.

कॉलेजात असताना काढलेला जुना पत्ता मात्र लगेच मोडीत काढू नये. बँक, डिजिलॉकर, विद्यापीठाचं पोर्टल त्यालाच जोडलेलं असतं. जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘फॉरवर्डिंग’ चालू करून तिथली पत्रं नव्या पत्त्यावर वळवावीत आणि एकेका ठिकाणी पत्ता बदलत जावं. जुन्या पेटीत महत्त्वाचं काही येईनासं झालं की काम झालं.